‘मारुती कुठवर?’ : ४८ मिनिटांच्या पॉडकास्टमधून ८ मिनिटांच्या व्हिडिओची संहिता

गेल्या पावसाळ्यात आम्ही जुन्या नाशकातल्या एका भांडी व्यापाऱ्यांशी गोदावरीच्या पुरांवर गप्पा रेकॉर्ड केल्या. काकांचं वय ७८, दुकान भांडी बाजारात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ हे चारही मोठे पूर त्यांनी दुकानाच्या ओट्यावरून पाहिलेले. भाग ४८ मिनिटांचा झाला, ऐकणाऱ्यांना आवडला, म्हणून त्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी कॅमेरा लावलेला नव्हता. हाती होता फक्त आवाज आणि त्याचा साधारण ५,९०० शब्दांचा लेखी उतारा.

पहिल्या प्रयत्नात आम्ही आवाज थोडा कापून २० मिनिटांचा केला आणि त्याखाली पुराचे जमतील ते फोटो लावले. चारपाच ओळखीच्यांना दाखवलं. सगळ्यांचं लक्ष एकाच प्रकारच्या जागी सुटत होतं. काका म्हणायचे, “एवढं पाणी होतं,” आणि पडद्यावर कुठल्या तरी पुलाचा फोटो असायचा. एवढं म्हणजे किती, ते कळायचंच नाही. ऐकताना माणूस ते मनात भरून काढतो. डोळ्यांसमोर चित्र आलं की मनाचं काम थांबतं, आणि ते चित्र चुकीचं असेल तर बोलणंही वाया जातं.

तेव्हा उतारा पुन्हा उघडला आणि त्यात ‘एवढं’ शोधलं. ३१ वेळा सापडलं. संहिता खरी तिथून सुरू झाली. ती कशी लिहिली, ते क्रमाने सांगतो.

आधी उतारा आवाजाशी ताडून घ्या

आपोआप निघालेला मराठी उतारा जसाच्या तसा कधीही वापरू नये. आमच्या उताऱ्यात ‘दुतोंड्या’चं ‘दोन तोंड्या’ झालं होतं, ‘नारोशंकर’चं ‘नारे शंकर’, आणि ‘फळी’ हा शब्द तीन ठिकाणी ‘पळी’ झाला होता. भांड्यांच्या दुकानाची गोष्ट असल्यामुळे ‘पळी’ वाचताना खटकतही नव्हतं, म्हणून ही चूक जास्त धोक्याची. कानाला हेडफोन लावून, एकदा सलग, पेन हातात घेऊन पूर्ण भाग ऐका. ४८ मिनिटांच्या भागाला आम्हाला अडीच तास लागले.

ऐकताना तीन खुणा करायच्या. प्रत्येक मुद्दा कुठे सुरू होतो त्याचा टाइमकोड, म्हणजे उदाहरणार्थ ००:१७:४२. बोलणाऱ्याचा स्वर जिथे खाली येऊन वाक्य खरोखर संपतं तिथे एक उभी रेघ. आणि मागे काही आवाज असेल तर त्याची नोंद: पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न. या तिसऱ्या खुणेचं महत्त्व पुढे कळेल. काकांच्या घरी पहिली वीस मिनिटं पंखा चालू होता, मग आम्हीच तो बंद केला. त्यामुळे दहाव्या मिनिटातलं वाक्य तिसाव्या मिनिटातल्या वाक्याला जोडलं की मागची घरघर एकदम तुटते. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण इथे काहीतरी कापलंय एवढं नक्की कळतं.

दाखवण्याचे शब्द शोधा

बोलताना आपण हातांनी खूप सांगतो. एवढं, असं, इकडून, तिथं, ह्या अंगाला, वर, पल्याड. पॉडकास्टमध्ये हात हरवतात आणि हे शब्द मागे राहतात. असा प्रत्येक शब्द म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःच सोडलेली दृश्यसूचना आहे. काय दाखवावं हे तुम्हाला डोकं खाजवून सुचवावं लागत नाही, पाहुण्यांनी ते आधीच सांगून ठेवलेलं असतं. फक्त त्यांचा हात कुठे होता, ते शोधायचं.

आम्ही उताऱ्यात हे सगळे शब्द पिवळे केले आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला: इथे हात काय दाखवत होता? उंची, दिशा, कृती की जागा? ‘एवढं पाणी’ला उंची, ‘तिकडून यायचं’ला दिशा, ‘असं हातोहात’ला कृती. काही ठिकाणी उत्तर आम्हालाही येईना. मग काकांना फोन केला. “काका, तुम्ही ‘इथवर’ म्हणालात ते दुकानाच्या कुठल्या पायरीपर्यंत?” ते म्हणाले, “पायरी नाही रे, आतल्या उंबऱ्यापर्यंत.” हे उत्तर उताऱ्यात कुठेच नव्हतं, आणि व्हिडिओतला एक महत्त्वाचा शॉट त्यातून मिळाला.

अशी यादी झाली की एक गोष्ट आपोआप दिसते. पिवळे शब्द सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, काही ठिकाणी दाटी होते. आमच्या उताऱ्यात ती दाटी १७व्या ते २४व्या मिनिटात होती. बाकी ४१ मिनिटांत मिळून जेवढं दाखवण्याजोगं होतं, तेवढं या सात मिनिटांत होतं. व्हिडिओचा गाभा बहुतेक वेळा अशाच दाटीत सापडतो. पॉडकास्टचा सगळ्यात गाजलेला तुकडा तो नसेलही. आमच्या श्रोत्यांना आवडलेला भाग होता शेवटचा, नदीशी असलेल्या नात्याबद्दलचा. कानाला तो फार सुंदर आहे. त्यातलं दाखवण्यासारखं मात्र काहीच नाही, आणि व्हिडिओत त्यातली दोनच वाक्यं राहिली. ती कापताना मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

गोष्ट कशावर उभी आहे ते ठरवा

त्या सात मिनिटांत काका काय सांगत होते? गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाच्या परिसरात, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर किती, हे नाशिककर या मूर्तीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. काकांचे वडील दुकानाबाहेर उभे राहून गंगेवरून, म्हणजे गोदावरीच्या घाटावरून, येणाऱ्या माणसाला विचारायचे, “काय रे, मारुती कुठवर?” आणि मिळालेल्या उत्तरावर दुकानातलं काम ठरायचं. गुडघा म्हटलं की नुसतं लक्ष ठेवायचं. कंबर म्हटलं की खालची फळी रिकामी करायची. छाती म्हटलं की दुकान माळ्यावर चढवायचं.

गप्पांत हे सगळं विखुरलेलं होतं. गुडघ्याचा उल्लेख २१व्या मिनिटाला, छातीचा १८व्या, कमरेचा १९व्या आणि पुन्हा ३१व्या. मध्ये नारोशंकर मंदिराची घंटा, सरकारवाड्याच्या पायऱ्या, काकांच्या लग्नाची वरात. गप्पांना ते शोभतं. व्हिडिओला मात्र पायऱ्या लागतात, आणि इथे त्या मूर्तीनेच दिल्या होत्या. पाणी जसं चढेल तसा व्हिडिओ पुढे जाईल.

असा सांगाडा विषयाच्या आतूनच मिळाला तर घ्या. बाहेरून आणलेली ‘ओळख, समस्या, उपाय’ अशी चौकट टाळा. मुलाखत देणारा माणूस मोजत, बनवत, चालत किंवा वाट पाहत असेल तर त्या कामाचा स्वतःचा क्रम असतोच. पैठणी विणणाऱ्याच्या मुलाखतीत तो मागावर सापडेल, द्राक्षबागायतदाराच्या मुलाखतीत छाटणीपासून काढणीपर्यंतच्या दिवसांत.

वेळेचा हिशेब लिहायच्या आधी

मराठीत मिनिटाला किती शब्द, याचा एकच आकडा धरून चालत नाही. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत’ हे मोजायला दोन शब्द आहेत, बोलायला दीड सेकंद तरी जातो. म्हणून ज्याचा आवाज असेल त्याचाच वेग मोजा. उताऱ्यातली सलग दोन मिनिटं घ्या, शब्द मोजा, दोनने भागा. काकांचा वेग मिनिटाला १०५ शब्द निघाला. निवेदन करणाऱ्या आमच्या मैत्रिणीचा १२५.

मग ८ मिनिटांची वाटणी केली. ८ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. त्यातले ७० सेकंद आधीच बाजूला काढून ठेवले, ज्यात कोणीही बोलणार नाही: नदीचा आवाज, भांडी उचलल्याचा आवाज, मूर्ती नुसती दिसण्याचा वेळ. हे सुरुवातीलाच काढावे लागतात. शेवटी उरतील तेव्हा बघू, असं म्हटलं की ते कधीच उरत नाहीत. राहिलेल्या ४१० सेकंदांतले २५० काकांना आणि १६० निवेदनाला दिले. म्हणजे काकांचे सुमारे ४४० शब्द आणि निवेदनाचे ३३०. एकूण ७७०. मूळ ५,९०० शब्दांपैकी काकांचे ४४०च राहणार, हे एकदा कागदावर दिसलं की प्रत्येक वाक्याला ‘तू का राहायचंस’ असं विचारता येतं.

कागदावरची छाटणी

उताऱ्याचा प्रिंट काढून आम्ही कात्रीने पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एक बाइट, म्हणजे काकांच्या बोलण्याचा एक तुकडा, कोपऱ्यात टाइमकोड. स्क्रीनवरही हे होतं, पण पट्ट्या जमिनीवर मांडल्या की दोघांना एकाच वेळी दिसतात आणि भांडण लवकर मिटतं. तीन ढीग केले: काकांच्याच तोंडून हवं, निवेदनात दोन ओळींत सांगता येईल, आणि चित्र सांगेल म्हणून शब्द नकोत.

पहिल्या ढिगात काय ठेवायचं याची माझी कसोटी सोपी आहे. जे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं तर खोटं वाटेल, ते पाहुण्यांचं. ‘वडील चहा घ्यायचे थांबले की आम्हाला कळायचं’ हे काकांनीच म्हणावं. ‘गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की पात्रातलं पाणी वाढतं’ हे निवेदकाने म्हटलं तरी चालतं, उलट तिथे ते जास्त नेमकं होतं.

इथेच माझी एक मोठी चूक होता होता राहिली. १९व्या मिनिटात कंबरेला पाणी आल्यावर फळ्या रिकाम्या करण्याची गोष्ट आहे, ३१व्या मिनिटातही आहे. दुसरी जास्त रंगतदार. मी दोन्हींचे अर्धे अर्धे तुकडे जोडून एक छान बाइट तयार केला. रात्री पुन्हा वाचताना लक्षात आलं, पहिल्या तुकड्यात ‘वडील’ आहेत आणि दुसऱ्यात ‘मुलगा’. पहिली गोष्ट १९६९ची, दुसरी २००८ची. मी दोन पूर एक केले होते. आवाज एकाच माणसाचा, विषय एकच, वाक्यही व्याकरणाने जुळत होतं, म्हणून ऐकून कुणालाच शंका आली नसती. तेव्हापासून पट्टीवर टाइमकोडच्या शेजारी ‘कधीची गोष्ट’ हेही लिहितो. आणि एका प्रश्नाला दिलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावत नाही, मग ते कितीही चपखल बसो.

जोड कुठे घ्यायचा, हे शब्दांवरून ठरवू नका, स्वरावरून ठरवा. मराठीत ‘फळी रिकामी केली’ हे वाक्य छापलं तर पूर्ण आहे. पण काकांना पुढे ‘आणि मग’ म्हणायचं असेल तर ‘केली’चा स्वर वर चढलेला असतो. तिथे कापलं की वाक्य हवेत लटकतं. म्हणूनच सुरुवातीला उभ्या रेघा मारायच्या. रेघ नसलेल्या जागी कापायची वेळ आली तर दोन वाटा आहेत. त्यापुढे लगेच एखादा जागेवरचा आवाज आणायचा, म्हणजे पाण्याचा किंवा भांड्यांचा, किंवा ती माहिती निवेदनाकडे द्यायची.

आकडे आणि नावं

गप्पांत आठवणीतले आकडे येतात आणि कुणी हरकत घेत नाही. तेच आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले की ते दाखला म्हणून वापरले जातात. काकांनी दोन पुरांतल्या विसर्गाचे आकडे तोंडी सांगितले होते. ताडून पाहता आले नाहीत, म्हणून ते संहितेत घेतले नाहीत. त्याऐवजी क्युसेक म्हणजे काय, हे समजावलं, कारण पावसाळ्यात बातम्यांत तो शब्द रोज असतो आणि बहुतेकांना त्याचं माप डोळ्यांसमोर येत नाही. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. १० हजार लिटरचा पाण्याचा टँकर धरला तर दर सेकंदाला सुमारे २८ टँकर रिकामे होतात. आकडा एकच, त्याचं रूपांतर एकच, आणि दोन्ही एकाच ग्राफिकमध्ये. एका ग्राफिकवर तीन आकडे आले की एकही लक्षात राहत नाही.

नावांचं आणखी एक. काका सगळीकडे ‘गंगा’ म्हणतात. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे घाटावर. श्रोते बहुतेक नाशिकचे होते, त्यांना अडलं नाही. व्हिडिओ सोलापुरात किंवा रत्नागिरीत पाहिला जाईल. काकांचा शब्द बदलायचा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदा ‘गंगा’ ऐकू येतं तिथेच खाली एक ओळ दिली: ‘नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात.’ तीन सेकंद, एकदाच.

दोन रकाने

आता लिहायला बसायचं. पानाचे दोन भाग: डावीकडे जे दिसेल, उजवीकडे जे ऐकू येईल. आधी उजवा रकाना पूर्ण भरून मग डावीकडे चित्रं चिकटवू नका. मी दोन्ही ओळीओळीने लिहितो, कारण डावीकडे काही आलं की उजवीकडचे शब्द लगेच कमी होतात. एक तुकडा दाखवतो. मूळ उतारा असा होता, १८व्या-१९व्या मिनिटातला:

“तर त्या वेळेला काय व्हायचं, की आमचे वडील जे होते, ते दुकानाच्या बाहेर असे उभे राहायचे, आणि तिकडून गंगेवरून कोणी आलं ना, की विचारायचे, काय रे, मारुती कुठवर? आता मारुती कुठवर म्हणजे पाणी कुठवर, बरं का. दुतोंड्या मारुती. मग तो म्हणायचा, कमरेला. कमरेला म्हणजे एवढं. मग झालं, कमरेला म्हटलं की खालची फळी. म्हणजे खालच्या फळीवरचं सगळं काढायचं, हंडे, घागरी, परात, सगळं, आणि असं हातोहात वर. आम्ही पोरं, मी आणि माझा मोठा भाऊ, एकजण खाली, एकजण शिडीवर. वडील काही बोलायचे नाहीत. नुसतं बघायचे. त्यांचा चहा तसाच राहायचा. चहा राहिला की आम्हाला कळायचं, आता काही खरं नाही.”

यातून तयार झालेली संहिता:

शॉट ९
दृश्य: भांडी बाजार, सकाळ, दुकानाच्या आतून बाहेर. काका ओट्यावर पाठमोरे, रस्त्याकडे पाहताहेत. स्थिर, १२ सेकंद.
आवाज: बाजाराचा आवाज ३ सेकंद. मग काका: “आमचे वडील दुकानाच्या बाहेर उभे राहायचे. गंगेवरून कोणी आलं की विचारायचे, काय रे, मारुती कुठवर?”

शॉट १०
दृश्य: दुतोंड्या मारुती, पायांपासून कमरेपर्यंत हळूहळू वर. कमरेशी थांबा. तिथे निळी आडवी रेघ उमटते. रेघेवर एकच शब्द: कंबर. ६ सेकंद.
आवाज: पाणी. कोणी बोलत नाही.

शॉट ११
दृश्य: दुकानातली खालची फळी. दोन हात परात उचलतात, वरून दोन हात घेतात. जवळून. मग रिकामी फळी, ३ सेकंद.
आवाज: भांड्यांचा आवाज. काका: “मी आणि माझा मोठा भाऊ. एकजण खाली, एकजण शिडीवर.”

शॉट १२
दृश्य: ओट्यावर भरलेला चहाचा ग्लास. मागे अस्पष्ट रस्ता. १० सेकंद.
आवाज: काका: “वडील काही बोलायचे नाहीत. त्यांचा चहा तसाच राहायचा. चहा राहिला की आम्हाला कळायचं, आता काही खरं नाही.”

काय गेलं ते बघा. ‘मारुती कुठवर म्हणजे पाणी कुठवर’ गेलं, कारण मूर्ती आणि रेघ दिसते. ‘कमरेला म्हणजे एवढं’ गेलं, ते शॉट १०ने घेतलं. हंडे, घागरी, परात ही यादी गेली, त्या वस्तू दिसतात. ‘असं हातोहात’ गेलं, हात दिसतात. राहिलं ते फक्त जे कॅमेऱ्याला सापडणार नाही: वडिलांचं विचारणं, भावाशी वाटून घेतलेलं काम, आणि चहा राहिला याचा अर्थ. चहाचा ग्लास दाखवता येतो, त्याचा अर्थ सांगावाच लागतो.

दृश्यसूचना कशी लिहायची

‘पुराचं दृश्य’ ही सूचना नव्हे. ती वाचून चित्रीकरण करणारा काहीही आणू शकतो, आणि आणतो. चांगल्या सूचनेत पाच गोष्टी हव्यात: काय दिसतं, किती जवळून, किती वेळ, ते कुठून येणार (नवं चित्रीकरण, जुना फोटो की ग्राफिक), आणि त्याची परवानगी कुणाकडे. शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या रंगात लिहा, म्हणजे चित्रीकरणाच्या दिवसाची यादी आपोआप तयार होते. वेळ लिहिताना लक्षात ठेवा, संहितेत ६ सेकंद असतील तर चित्रीकरणात १२ तरी घ्यावे लागतात. दोन्ही टोकांना कापायला जागा लागते.

जुन्या फोटोंबद्दल जपून. १९६९चा पूर म्हणून जो फोटो फिरतो तो त्याच पुराचा आहे, याची खात्री कशावरून? मूर्ती, पूल, घाटाच्या पायऱ्या ओळखू आल्या आणि फोटो कुणी काढला हे कळलं तरच वापरा. हक्काचाही प्रश्न आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे १९६९चा फोटो जुना आहे म्हणून मोकळा झालेला नाही. आम्ही शेवटी एकच जुना फोटो घेतला, तोही काकांच्या घरातला, घरच्यांनी काढलेला.

ड्रोनचा शॉट संहितेत लिहिण्याआधी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा उघडून जागा तपासा. नाशिकच्या एका बाजूला ओझरचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला देवळालीचा लष्करी भाग. लिहिलेला शॉट ऐनवेळी मिळाला नाही तर त्यावर टेकवलेलं निवेदन उघडं पडतं. आमच्या गोष्टीला वरून पाहण्याची गरजही नव्हती. माप मूर्तीवर आहे, आणि मूर्ती माणसाच्या नजरेच्या उंचीवरूनच पाहिली जाते.

सगळ्यात मोठी अडचण ऋतूची होती. गप्पा जुलैच्या, चित्रीकरण फेब्रुवारीत. पात्रात पाणी अगदी थोडं. आधी वाटलं, आता पूर कुठून आणायचा? मग उलट केलं. काकांना मूर्तीजवळ उभं केलं आणि त्यांनी हाताने दाखवलं: इथे कंबर, इथे छाती. पाणी नाही, मूर्ती कोरडी, आणि ७८ वर्षांच्या माणसाचा हात त्याच्या डोक्याच्याही वर. त्या हातावर निळी रेघ आली की पाहणाऱ्याला उंची कळते, पुराच्या फोटोत ती कधीच कळली नव्हती. पॉडकास्टमध्ये हरवलेला हात असा परत मिळाला. ‘एवढं’ या शब्दाने सुचवलं होतं तेच, फक्त आम्हाला उशिरा समजलं.

पहिली २० सेकंदं

ही सगळ्यात शेवटी लिहा. पॉडकास्टची सुरुवात नमस्कार, पाहुण्यांची ओळख, आजचा विषय अशी होती, ती सगळी गेली. व्हिडिओ उघडतो तो काळ्या पडद्यावर काकांच्या आवाजाने: “काय रे, मारुती कुठवर?” मग कोरड्या पात्रातली मूर्ती, चार सेकंद शांतता. मग निवेदन: “या प्रश्नाच्या उत्तरावर भांडी बाजारातली दुकानं रिकामी व्हायची.” काकांचं नाव आणि दुकानाची ओळख खालच्या नावपट्टीत, ते पहिल्यांदा समोरून दिसतात तेव्हा. तोंडी ओळख करून देण्यात पॉडकास्टचं दीड मिनिट गेलं होतं.

वाचून बघणं

संहिता मनात वाचून वेळ कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करत मोठ्याने वाचा: काकांचे बाइट मूळ आवाजातून लावा, निवेदन स्वतः वाचा, आणि जिथे शांतता लिहिली आहे तिथे खरोखर गप्प बसून सेकंद मोजा. आमची पहिली वाचणी ९ मिनिटं ४० सेकंदांची झाली. १०० सेकंद जास्त. निवेदन तपासल्यावर कारण सापडलं. जिथे मूर्ती दिसते तिथेच मी ‘नदीपात्रात उभ्या असलेल्या या भव्य मूर्तीला’ असं लिहिलं होतं, आणि अशी वाक्यं अकरा होती. निवेदनात ‘हा’, ‘ही’, ‘या’ने सुरू होणारं वाक्य दिसलं की थांबा. तिथे बहुधा पडद्यावरचंच पुन्हा सांगितलं जातं. ती अकरा काढल्यावर ७ मिनिटं ५५ सेकंद झाले.

दुसरी तपासणी डोळे मिटून. फक्त आवाज ऐका. सगळं कळत असेल तर व्हिडिओत चित्रांना काम उरलेलं नाही, आणखी कापा. तिसरी, आवाज बंद करून फक्त डावा रकाना वाचा. गोष्टीचा क्रम लागला पाहिजे: पाणी चढतंय, दुकान रिकामं होतंय. अर्थ नाही कळला तरी चालेल.

शेवटी संहिता काकांना वाचून दाखवली. हे टाळू नका. त्यांची वाक्यं त्यांच्याच आवाजात असली तरी क्रम आपण बदललेला असतो, आणि नव्या क्रमात त्यांचं म्हणणं तेच राहिलं का, हे तेच सांगू शकतात. काकांनी सगळं ऐकलं. छातीच्या भागात आम्ही दाखवणार होतो की दुकान रिकामं झाल्यावर दाराला कुलूप लागतं. ते म्हणाले, “कुलूप नाही लावायचो. दार उघडं ठेवायचो. बंद दाराला पाणी धडका देतं, दार मोडतं. उघडं असलं की पाणी येतं आणि जातं.”

शॉट २६ खोडला. त्याजागी लिहिलं: दुकान आतून, रिकाम्या फळ्या, दोन्ही दारं सताड उघडी, बाहेर ऊन. १० सेकंद. आवाज नाही.